मजुराचा तास ५० रुपयांचा की ११० रुपयांचा? सिम्प्लेक्स तक्ता आणि शॅडो प्राईसचे वाचन

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचे घरचे फळप्रक्रिया केंद्र आहे आणि त्यावरच मी माझा प्रकल्प करतो आहे. आठवड्याचे उत्पादन आंबा पल्प, कोकम सरबत आणि आंब्याचा जॅम यांत कसे वाटावे, याचे उत्तर एक्सेलच्या सॉल्व्हरने दिले. मजुरीच्या तासाची शॅडो प्राईस ५० आणि स्टीम केटलच्या तासाची १५० आली. आम्ही तासाला ६० रुपये मजुरी देतो. ५० हे ६० पेक्षा कमी म्हणून जादा माणूस घेऊ नये, असे मित्र म्हणतो. आठवडाभरासाठी म्हणजे ४८ तासांसाठी एक माणूस मिळतो आहे आणि ४० तासांसाठी दुसरी केटल ४,५०० रुपये भाड्याने मिळते आहे. काय घ्यावे? नफ्याचे आकडे मजुरी व इंधन वजा करून धरले आहेत.

उत्तर:

तुम्ही सोबत पाठवलेली मांडणी मी आधी जशीच्या तशी लिहितो, कारण पुढचे सगळे वाचन तिच्यावर अवलंबून आहे. x1 म्हणजे पल्पचे क्रेट, x2 म्हणजे सरबताचे आणि x3 म्हणजे जॅमचे.

```
Max Z = 400 x1 + 300 x2 + 380 x3
Kettle :  2 x1 +   x2 + 2 x3 <= 100   (तास)
Labour :  2 x1 + 3 x2 + 3 x3 <= 180   (तास)
Ratambe:         6 x2        <= 270   (किलो)
```

केटल आठवड्याला १०० तास चालते, चार बायकांचे मिळून १८० तास काम होते आणि सरबतासाठी लागणारे रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, २७० किलो मिळतात. सिम्प्लेक्स पद्धतीचा शेवटचा तक्ता असा येतो:

```
Basis   x1   x2    x3     s1      s2     s3    RHS
x1       1    0   0.75   0.75   -0.25    0      30
x2       0    1   0.50  -0.50    0.50    0      40
s3       0    0  -3.00   3.00   -3.00    1      30
Z        0    0    70    150      50     0   24000
```

म्हणजे पल्पचे ३० क्रेट, सरबताचे ४०, जॅम अजिबात नाही, रातांबे ३० किलो उरतात आणि नफा २४,००० रुपये होतो. शॅडो प्राईस शोधायला वेगळे काही करावे लागत नाही. Z च्या ओळीत स्लॅक चलांच्या खाली जे आकडे आहेत त्याच त्या किमती होत: केटलच्या तासाला १५०, मजुरीच्या तासाला ५० आणि रातांब्याला शून्य, कारण जे उरते आहे ते आणखी मिळाल्याने नफा वाढत नाही. पडताळणीसाठी १०० गुणिले १५० आणि १८० गुणिले ५० यांची बेरीज करून पाहावी. ती २४,००० आली, तर किमती बरोबर वाचल्या आहेत असे धरायला हरकत नाही.

आता मित्राचे म्हणणे पाहू. ५० आणि ६० यांची तुलना येथे लागूच होत नाही. शॅडो प्राईस सांगते की उजव्या बाजूचा आकडा एकाने वाढला तर Z कितीने वाढेल. तुमच्या Z मधील ४००, ३०० आणि ३८० हे आकडे मजुरी वजा करून काढलेले असल्यामुळे जादा तासाचे ६० रुपये त्यातून आधीच गेले आहेत, आणि ५० रुपये हे मजुरी दिल्यानंतर हाती राहणारे आहेत. त्यामुळे जादा तासासाठी जास्तीत जास्त किती द्यावे याचे उत्तर ६० अधिक ५०, म्हणजे ११० रुपये, असे येते. हे पटत नसेल तर तोच प्रश्न मजुरी वजा न करता मांडून पाहा. पल्पला दोन तास लागतात म्हणून ४०० चे ५२० होतील, सरबताचे ४८० आणि जॅमचे ५६०. उत्पादनाचे उत्तर तेच येईल, केटलची किंमत १५० च राहील आणि मजुरीची मात्र ५० ऐवजी ११० दिसेल. दोन्ही अहवाल खरे आहेत, फरक एवढाच की पहिल्यात ५० ची तुलना शून्याशी करायची आणि दुसऱ्यात ११० ची तुलना ६० शी करायची. परीक्षेतल्या प्रश्नांत हे बहुधा एका वाक्यात दडवलेले असते. नफ्याच्या आकड्यात त्या साधनाचा खर्च धरला आहे की तो कसाही होणारच म्हणून बाजूला ठेवला आहे, हे प्रश्न वाचतानाच शोधावे, कारण सॉल्व्हरच्या अहवालात त्याची कोठेही नोंद नसते.

मित्राचे कारण चुकीचे आहे, मात्र त्याचा निष्कर्ष, निदान केटल न घेता फक्त माणूस घेण्याच्या बाबतीत, बरोबर निघतो. त्यासाठी अहवालातले पुढचे दोन रकाने पाहावे लागतात.

```
Constraint   Final Value  Shadow Price  Allowable Increase  Allowable Decrease
Kettle           100          150              80                  10
Labour           180           50              10                  80
Ratambe          240            0            1E+30                 30
```

मजुरीच्या ओळीत Allowable Increase फक्त १० आहे. हा आकडा कोठून येतो ते तक्त्यातूनच दिसते, आणि तो एकदा हाताने काढून पाहिला की रकान्यांचा अर्थ विसरला जात नाही. s2 च्या स्तंभात -०.२५, ०.५० आणि -३ असे आकडे आहेत. मजुरीचा एक तास वाढला की पल्प पाव क्रेटने घटते, सरबत अर्ध्या क्रेटने वाढते आणि उरलेले रातांबे ३ किलोने कमी होतात. पल्प ३० आहे, ते संपायला १२० तास लागतील. रातांबे मात्र ३० किलोच शिल्लक आहेत, ते १० तासांतच संपतात. या दोहोंपैकी जे आधी संपते तेच मर्यादा ठरवते. दहा तासांनंतर सरबत ४५ क्रेटवर अडकते, पल्प साडेसत्तावीस क्रेट राहते आणि मजुरीची शॅडो प्राईस ५० वरून सरळ शून्यावर येते, कारण आता अडवणूक मजुरीची नसून रातांब्यांची झालेली असते. अर्ध्या क्रेटकडे येथे दुर्लक्ष करावे, ती आठवड्यांची सरासरी समजावी.

म्हणून ४८ गुणिले ५० म्हणजे २,४०० रुपये फायदा, हा हिशेब केटल न वाढवता करता येत नाही. माणूस दहा तासांपुरता मिळाला तर ५०० रुपयांचा फायदा आहे. पूर्ण आठवड्याचा घेतला, तर २,८८० रुपये मजुरी द्यावीच लागणार, मग त्या वेळेचा उत्तम उपयोग काय होईल ते पाहावे लागते. मजुरी कशीही द्यायचीच असल्यामुळे येथे वजा न केलेले आकडे वापरायचे. पहिल्या १० तासांचे ११० प्रमाणे १,१०० रुपये होतात. त्यानंतर पल्पऐवजी जॅम केला तर केटल तेवढीच लागते, मजुरी क्रेटमागे एक तास जास्त लागते आणि क्रेटमागे ४० रुपये अधिक सुटतात. असे साडेसत्तावीस तासच लावता येतात, कारण तेवढ्यात पल्पचे सगळे क्रेट जॅममध्ये बदललेले असतात, आणि त्यातूनही १,१०० रुपये मिळतात. उरलेले साडेदहा तास तो माणूस बसून राहील. एकूण २,२०० रुपये आले आणि २,८८० गेले, म्हणजे ६८० रुपयांचा तोटा. शॅडो प्राईस एकच आकडा म्हणून छापली जात असली, तरी साधन वाढत जाते तशी ती पायरीपायरीने उतरते (येथे ११०, मग ४०, मग शून्य), आणि अहवालात फक्त आपण उभे आहोत ती पायरी दिसते.

केटलचे गणित यापेक्षा सोपे आहे. तिथे Allowable Increase ८० तासांचा आहे आणि तुम्ही ४० तासच वाढवता आहात, म्हणून १५० ही किंमत सर्वच्या सर्व ४० तासांना लागू पडते. फायदा ६,००० रुपये, भाडे ४,५०० रुपये, निव्वळ १,५०० रुपये. इंधन तुम्ही आधीच वजा केले आहे, म्हणून ते पुन्हा धरू नये. नवे उत्पादन काढण्यासाठी सॉल्व्हर पुन्हा चालवावा लागत नाही. s1 च्या स्तंभातील ०.७५ आणि -०.५० यांना ४० ने गुणले की पल्प ३० ने वाढून ६० आणि सरबत २० ने घटून २० होते. किंमत तीच राहिली म्हणजे उत्पादनही तेच राहिले, असा समज मी अनेक उत्तरपत्रिकांत पाहिला आहे. मर्यादेच्या आत बेसिस बदलत नाही, म्हणजे पल्प आणि सरबत हीच दोन उत्पादने चालू राहतात, त्यांच्या क्रेटची संख्या मात्र बदलते. याच्या उलट, नफ्याच्या आकड्यांसाठी जी वेगळी मर्यादा अहवालात दिलेली असते, तिच्या आत राहिल्यास क्रेटची संख्या तशीच राहते आणि Z व किमती बदलू शकतात. हे दोन तक्ते एकमेकांच्या जागी वाचले जातात तेव्हा बराच गोंधळ होतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. तुम्ही केटल आणि माणूस हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले आहेत आणि अहवालही त्यांना दोन वेगळ्या ओळींत उत्तर देतो, परंतु त्या ओळींमधली प्रत्येक मर्यादा बाकी सगळे स्थिर आहे असे धरून काढलेली असते. दोन्ही एकदम बदलायचे असतील तर पाठ्यपुस्तकातला शंभर टक्क्यांचा नियम सांगतो की प्रत्येक बदल त्याच्या अनुज्ञेय मर्यादेच्या किती टक्के आहे ते काढावे आणि बेरीज शंभरच्या आत असेल तर जुन्या किमती निर्धास्तपणे वापराव्यात. येथे केटलचे ४० भागिले ८० म्हणजे ५० टक्के, आणि मजुरीचे ४८ भागिले १० म्हणजे ४८० टक्के. बेरीज ५३० टक्के. अनेक जण येथेच थांबतात आणि किमती लागू पडत नाहीत असे लिहून मोकळे होतात. नियम तसे म्हणत नाही. बेरीज शंभरच्या आत असेल तर किमती टिकण्याची हमी तो देतो, बेरीज जास्त झाली तर हमी नाही एवढेच. किमती खरोखर टिकतात की नाही हे स्तंभांवरून तपासावे लागते.

ते तपासू. केटल घेतल्यावर सरबत ४० वरून २० क्रेटवर आले, म्हणजे रातांब्यांची मर्यादा जी आधी पाच क्रेटवर होती ती आता पंचवीस क्रेट दूर गेली. मजुरीचा प्रत्येक तास सरबत अर्ध्या क्रेटने वाढवतो, म्हणून मजुरीचा Allowable Increase १० वरून ५० तासांवर जातो. त्यात ४८ तास बसतात. पल्प ६० मधून १२ कमी होऊन ४८ आणि सरबत २० मध्ये २४ मिळून ४४. केटलचे तास ९६ अधिक ४४ म्हणजे १४०, मजुरीचे ९६ अधिक १३२ म्हणजे २२८, रातांबे २६४ किलो. तीनही अटी पाळल्या जातात. Z होतो ४८ गुणिले ४०० अधिक ४४ गुणिले ३००, म्हणजे ३२,४००. वाढ ८,४०० रुपयांची, त्यातून केटलचे भाडे ४,५०० गेले की ३,९०० उरतात. माणसाची मजुरी यात वजा झालेलीच आहे आणि त्याचे सर्व ४८ तास कामाला लागले आहेत.

म्हणजे फक्त माणूस घेतला तर ६८० रुपयांचा तोटा, फक्त केटल घेतली तर १,५०० चा फायदा आणि दोन्ही घेतल्यास ३,९०० चा. जो माणूस नको होता तोच केटल आल्यावर २,४०० रुपये मिळवून देतो, आणि त्याच्या तासाची शॅडो प्राईस आधीही ५० होती, नंतरही ५० च आहे. बदलली ती फक्त तिची मर्यादा. ओळीओळीने अहवाल वाचणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून दोन निर्णय एकमेकांत गुंतलेले असतील तर उजवे आकडे बदलून सॉल्व्हर पुन्हा चालवणे हाच सरळ मार्ग आहे. परीक्षेत संगणक नसतो, तिथे स्तंभ वापरावेत.

जॅमच्या खाली असलेल्या ७० चाही अर्थ याच किमतींतून लागतो. एक क्रेट जॅम करायला केटलचे दोन तास आणि मजुरीचे तीन तास दुसरीकडून काढावे लागतात, त्यांचे मोल ३०० अधिक १५० म्हणजे ४५० रुपये, आणि जॅम देतो ३८०. तूट ७० रुपयांची. एक्सेल हा आकडा Reduced Cost च्या रकान्यात -70 असा दाखवतो, तक्त्यात तो अधिक चिन्हाने येतो. चिन्हांचे हे प्रकरण पुस्तकापुस्तकांत आणि सॉफ्टवेअरनिहाय बदलते, म्हणून पाठ न करता दिशेचा विचार करून ठरवावे.

सॉल्व्हरबाबत दोन सूचना. पद्धत Simplex LP निवडलेली असावी. GRG Nonlinear राहिली असेल तर अहवालात Shadow Price ऐवजी Lagrange Multiplier आणि Reduced Cost ऐवजी Reduced Gradient असे शब्द येतात आणि मर्यादांचे रकाने गायब असतात. ते रकाने दिसत नसतील तर प्रथम हेच पाहावे. दुसरे म्हणजे, रातांब्यांची अट किलोमध्ये न लिहिता थेट सरबताच्या चौकटीवर x2 <= 45 अशी लिहिली, तर सॉल्व्हर तिला अट न मानता चलाची सीमा मानतो. मग ती अट घट्ट असली तरी तिची किंमत अटींच्या तक्त्यात येत नाही, ती सरबताच्या Reduced Cost मध्ये जाऊन बसते. उत्पादन शून्य नसतानाही Reduced Cost शून्य दिसत नसेल, तर बहुधा असेच घडलेले असते.

मजुरी नेमकी १९० तास धरून पाहा, म्हणजे आणखी एक गोष्ट लक्षात येईल. तिथे रातांबे आणि मजुरी एकाच वेळी संपतात, s3 बेसिसमध्ये असूनही शून्य असतो आणि ज्या किमतीची मर्यादा एका बाजूला शून्य छापली जाते ती किंमत दोन्ही दिशांना खरी नसते. तास कमी केल्यास ५० रुपयांचे नुकसान आहे, तास वाढवल्यास लाभ शून्य. सॉफ्टवेअर यांतला कोणता आकडा छापेल हे ते कोणत्या बेसिसवर थांबले त्यावर ठरते, आणि त्याच फाईलवर दुसऱ्या प्रोग्रामने वेगळा आकडा दिला तरी दोहोंत चूक नसते. Allowable Increase किंवा Allowable Decrease शून्य दिसले की ती किंमत निर्णयासाठी वापरू नये, आकडा थोडा वरखाली करून Z मधला फरक प्रत्यक्ष मोजावा.

राहता राहिला प्रश्न मांडणीत नसलेल्या अटीचा. तुमच्या तीनही अटींत आंबा कोठेच नाही. ज्या साधनाची अट लिहिलेली नाही ते हवे तेवढे ठरलेल्या दराने मिळते असेच सॉल्व्हर समजतो, म्हणूनच तो केटल मिळताच पल्प ३० वरून बेधडक ६० क्रेटवर नेतो. एप्रिलअखेरीपासून मे महिन्यात कॅनिंगचा आंबा भरपूर येतो तेव्हा हे चालून जाईल, पाऊस जवळ आल्यावर चालणार नाही. समजा ४० क्रेटपुरताच आंबा मिळाला आणि जॅमलाही क्रेटमागे तेवढाच लागतो. तर केटलचे पहिले सव्वातेरा तासच, काटेकोर सांगायचे तर १३ तास २० मिनिटे, १५० च्या भावाने उपयोगी पडतील आणि फायदा २,००० रुपयांवर थांबेल. भाडे ४,५०० आहे. तेव्हा केटलवाल्याला होकार देण्याआधी आंब्याची चौथी ओळ किलोमध्ये लिहा, तिच्या उजव्या बाजूला तुमच्या बागायतदारांनी त्या आठवड्यासाठी खरोखर कबूल केलेला आकडा घाला आणि माणूस व केटल दोन्ही वाढवून पुन्हा सोडवा.